सगळं बंद, तरी ईएलसीबी उडतो

घरातली माणसं झोपलेली, दिवे बंद, टीव्ही बंद, पाण्याची मोटर बंद. तरीही रात्री कधीतरी ‘खट्’ असा आवाज होतो आणि ईएलसीबी खाली पडतो. वर केला तर कधी लगेच राहतो, कधी पहाटेपर्यंत राहतच नाही. दिवस उजाडला की मात्र काही घडलंच नसल्यासारखा दिवसभर गुमान चालतो. वायरमनला बोलवावं तर तो दिवसा येणार, आणि दिवसा दोष दिसत नाही. मग तो नवा ब्रेकर बसवून जातो. आठवड्याने तोही उडतो. शेवटी कोणीतरी सुचवतं की ईएलसीबी काढून वायर थेट जोडून टाका, आणि कंटाळलेली माणसं ते ऐकतात. हा सल्ला जिवावर बेतू शकतो. शिवाय त्याची गरजही नसते, कारण हा दोष शोधता येतो. फक्त शोधाची सुरुवात योग्य ठिकाणाहून करावी लागते.

त्यासाठी ईएलसीबी नेमकं काय पाहतो, हे आधी समजून घेऊ. आज घरात बसतो त्या उपकरणाचं तांत्रिक नाव आरसीसीबी. ईएलसीबी हे आधीच्या, वेगळ्या पद्धतीने चालणाऱ्या उपकरणाचं नाव. पण दुकानदारापासून वायरमनपर्यंत सगळे ईएलसीबीच म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो. मीटरकडून येणाऱ्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्याच्या पोटातल्या एका छोट्या कड्यातून जातात. फेजमधून जितका प्रवाह घरात गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला, तर कड्याच्या दृष्टीने हिशोब शून्य. काही प्रवाह ओल्या भिंतीतून, उपकरणाच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तर जमा आणि खर्च जुळत नाहीत. त्या फरकाने कड्यावरच्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि खटका पडतो.

घरगुती ईएलसीबीवर 30 मिलिअँपिअर हा आकडा छापलेला असतो. सात वॅटचा बल्ब साधारण इतकाच प्रवाह घेतो. प्रमाणित उपकरणाने 15 मिलिअँपिअरपर्यंतच्या फरकाला उडू नये आणि 30 ला उडलंच पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे तो खरा कुठे उडेल हे या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी ठरतं. पुढे ही गोष्ट कामी येणार आहे.

आणखी एक बारकावा. ईएलसीबीला किती वीज चालू आहे याच्याशी देणंघेणं नाही. दोन किलोवॅटचा गिझर चालू असताना तो शांत असतो, आणि सगळं बंद असताना वीसपंचवीस मिलिअँपिअर वाट चुकले तर उडतो. ‘काहीच चालू नव्हतं, मग उडाला कसा?’ या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे: बटण बंद केलं म्हणजे ती वस्तू विजेपासून तुटली. घरातल्या बहुतेक बटणांच्या आणि एमसीबींच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे.

डीबीत, म्हणजे वितरण पेटीत, एका ओळीत बसलेल्या एमसीबी बहुधा सिंगल पोल असतात. त्या फक्त फेज तोडतात. न्यूट्रल मात्र सगळ्या खोल्यांतून येऊन न्यूट्रल लिंक नावाच्या पितळी पट्टीवर कायमचा जोडलेला असतो. तुम्ही सगळ्या एमसीबी खाली केल्या तरी घरातली प्रत्येक न्यूट्रल तार, गच्चीवरच्या दिव्यापासून फाटकाच्या बेलपर्यंत, ईएलसीबीमार्गे बाहेरच्या खांबाला जोडलेलीच राहते. न्यूट्रलला हात लावला तर सहसा झटका बसत नाही, म्हणून आपण त्याला निर्जीव समजतो. पण खांबावरचा न्यूट्रल आणि तुमच्या अंगणातल्या अर्थिंगची माती यांच्यात थोडा दाब जवळजवळ नेहमी असतो, कधी एक-दोन व्होल्ट, कधी त्याहून बराच जास्त. तुमच्या घरात काही चालू नसलं तरी शेजाऱ्यांचं चालू असतं आणि त्यांचा प्रवाह त्याच न्यूट्रलमधून ट्रान्सफॉर्मरकडे परतत असतो. घरात कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकले असतील, तर हा दाब तिथून प्रवाह ढकलतो. तो प्रवाह फक्त न्यूट्रलमधून जातो, फेजमधून नाही. कड्याचा हिशोब चुकतो आणि ईएलसीबी उडतो.

म्हणून रात्रीच्या या दोषात पहिला प्रश्न एकच: गळती फेजची आहे की न्यूट्रलची? त्याचं उत्तर मिळवायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. एका रात्री सगळ्या एमसीबी खाली करून फक्त ईएलसीबी वर ठेवायचा. उडाला, तर फेज घरात पोचलेलाच नव्हता, तेव्हा संशय न्यूट्रलवर जातो. दोष जोमात असलेल्या दोन-तीन रात्रींतही उडाला नाही, तर संशय फेजच्या बाजूला. या एका परीक्षेवर पुढचा सगळा शोध अवलंबून असतो, आणि बहुतेक घरांत ती केलीच जात नाही.

राहाता तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या घराची गोष्ट सांगतो. मळ्यात बांधलेलं पक्कं घर, शेजारी पत्र्याचा गोठा, थोड्या अंतरावर विहीर. घराची वीज त्याच डीपीवरून येते ज्यावर आसपासच्या विहिरींचे पंप आहेत. डिसेंबरात ईएलसीबी रात्री उडू लागला. घरमालकांना सगळे तात्या म्हणतात. त्यांनी एकदा ब्रेकर बदलून पाहिला होता. मी गेलो तेव्हा ते म्हणाले, “एक आठवडा रोज रात्री उडतो. मग पुढचा आठवडा अजिबात नाही. आम्हाला वाटतं गेला दोष, की पुन्हा सुरू.”

दोष लहरी वाटला की त्याची वही ठेवावी. तारीख, उडाल्याची वेळ, पाऊस किंवा दव, आणि त्या वेळी गावात, शिवारात विजेचं काय चाललं होतं. तात्यांच्या मुलाने कॅलेंडरवरच्या दुधाच्या नोंदींशेजारी उडाल्याच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. सगळ्या मध्यरात्र ते पहाटे साडेपाच यांच्या दरम्यानच्या. ज्या आठवड्यांत ईएलसीबी उडाला, त्याच आठवड्यांत शेतीपंपांना थ्री-फेज वीज रात्री होती. महाराष्ट्रात शेतीपंपांची वीज चक्राकार पद्धतीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्यांची रात्रपाळी असते ते शेतकरी अंधारात बॅटरी घेऊन पाणी धरायला जातात, आणि तीच रात्रपाळी इथे ईएलसीबीच्या नोंदींतही दिसत होती.

पण मग ज्या आठवड्यात पंपांना दिवसा वीज, त्या आठवड्यात तो दिवसा का उडत नव्हता? याचा अर्थ केवळ पंप हे कारण नव्हतं. पंप आणि रात्र दोन्ही एकत्र आले तरच तो उडत होता.

“तात्या, आज रात्री सगळ्या एमसीबी बंद करून झोपा, फक्त हा एक वर ठेवा. आणि इन्व्हर्टरचा पिन काढून ठेवा,” असं सांगितलं. मध्यरात्रीनंतर तो उडाला. फेज घरात नव्हता, म्हणजे दोष न्यूट्रलचा. पुढच्या रात्री मीटर लावून बसलो. ईएलसीबीच्या येणाऱ्या बाजूचा न्यूट्रल आणि घराची अर्थ पट्टी यांच्यातला दाब रात्री नऊच्या सुमारास अडीच व्होल्ट होता. शिवारात पंप सुरू झाल्यावर तो अकरा व्होल्टपर्यंत गेला. कारण ओळखीचं आहे. जुन्या पंपांच्या केबल आणि ओल्या स्टार्टर पेट्या थोडा प्रवाह जमिनीत सोडत असतात. तो प्रवाह जमिनीतून डीपीच्या अर्थिंगमार्गे परततो. डीपीच्या अर्थिंगचा खड्डा हिवाळ्यात सुकलेला असला की तिथे त्याला अडथळा होतो आणि न्यूट्रल जमिनीच्या तुलनेत वर उचलला जातो. एवढ्या अकरा व्होल्टनी माणसाला काही होत नाही, पण घरात न्यूट्रल कुठे अर्थला टेकला असेल तर ते ईएलसीबी पाडायला पुरतात.

आता टेकलेली जागा शोधायची. इथे वेळ महत्त्वाची. ओलीमुळे होणारा दोष दुपारी बाराला शोधायला गेलं तर तो तिथे नसतोच. आम्ही सूर्य उगवण्याआधी काम सुरू केलं, पत्र्यावरचं दव अजून गळत असताना. आधी ईएलसीबी आणि मेन स्विच दोन्ही खाली, म्हणजे बाहेरचा फेजही तुटला आणि न्यूट्रलही. इन्व्हर्टर पूर्ण बंद. ही खबरदारी सोडता कामा नये. मेन बंद करताच इन्व्हर्टर आपोआप सुरू होऊन दिव्यांच्या वायरिंगमध्ये 230 व्होल्ट सोडतो, आणि ‘वीज बंद आहे’ म्हणून हात घालणारा फसतो. डीबी उघडण्याचं हे काम परवानाधारक वायरमनचंच आहे. घरच्यांनी शेजारी उभं राहून नोंदी कराव्यात.

मग न्यूट्रल लिंकवरून प्रत्येक न्यूट्रल तार सोडवली, त्यावर चिठ्ठी लावली आणि एकेक तार अर्थ पट्टीशी साध्या मल्टिमीटरने तपासली. घरातल्या तारांना मीटर काहीच वाचन देत नव्हता, म्हणजे त्या निर्दोष. एका तारेला मात्र साधारण 380 ओहम दाखवले. आकडा स्थिर राहत नव्हता, आणि मीटरच्या दोन्ही पिना उलट लावल्या की बराच बदलत होता. हे लक्षण फार उपयोगाचं आहे. तांब्याला तांबं टेकलं असेल तर आकडा जवळजवळ शून्य येतो आणि पिना उलट्या केल्या तरी तोच राहतो. पिना उलट केल्यावर आकडा हलत असेल तर मधे ओल आहे. दोन तारांच्या मधलं क्षारयुक्त पाणी स्वतःच एक छोटा सेल झालेलं असतं आणि त्याचा दाब मीटरच्या वाचनात मिसळतो.

ही तार गोठ्याकडे जात होती. आता हिशोब करून पाहू. रात्री वाटेत हा 380 ओहमचा दोष, शिवाय घराच्या आणि डीपीच्या अर्थिंगचा विरोध, असे मिळून साधारण 420 ओहम. अकरा व्होल्ट भागिले 420 म्हणजे 26 मिलिअँपिअर. ईएलसीबी 15 ते 30 च्या मधे कुठेही उडू शकतो, तेव्हा 26 ला तो उडण्याची शक्यता मोठी. पंप बंद असलेल्या रात्री अडीच व्होल्ट भागिले 420, म्हणजे सहा मिलिअँपिअर. उडण्याचं कारण नाही. त्याच दिवशी अकरा वाजता, ऊन तापल्यावर, तीच तार पुन्हा तपासली तेव्हा विरोध नऊ हजार ओहमपर्यंत चढला होता. इतक्या विरोधातून अकरा व्होल्ट जेमतेम एक-सव्वा मिलिअँपिअर ढकलतात. दिवसपाळीच्या आठवड्यात दुपारी पंप चालू असूनही ईएलसीबी का टिकत होता, ते यात दिसतं. कॅलेंडरवरच्या सगळ्या नोंदी या एका हिशोबात बसल्या.

तार कळली तरी जागा कळायची होती. लांब तार असली की ती मधे तोडून दोन्ही बाजू वेगळ्या तपासाव्यात. कुठली बाजू दोषी ते कळलं की तिचे पुन्हा दोन भाग. गोठ्याच्या तारेवर एकच जोडपेटी होती. ती उघडली आणि सगळे जोड सुटे केले. घराकडून पेटीपर्यंतची तार निर्दोष निघाली, पेटीपासून दिव्यापर्यंतचीही. दोष पेटीतच होता.

साधी प्लास्टिकची पेटी, पत्र्याच्या खाली, कैचीला तारेने बांधलेली. वरून पाइप आत शिरलेला. आत न्यूट्रलचा आणि अर्थचा असे दोन जोड एकमेकांना चिकटून, काळ्या टेपने गुंडाळलेले. टेप ओघळलेली, तिच्या कडेने तांब्याला हिरवा गंज आणि दोन्ही जोडांच्या मधे पांढरट क्षाराचा थर. पावसाळ्यातला काळ उलटला तरी पाणी आलं कुठून? थंडीत गोठ्यातली जनावरं रात्रभर उबदार, दमट हवा सोडत असतात. बाहेर पत्रा गारठलेला. त्याच्या खालच्या अंगाला दव धरतं, थेंब पाइपवर उतरतात आणि पाइपवरून ओघळत थेट पेटीच्या वरच्या भोकात जातात. छप्पर कुठे फुटलेलं नसतानाही पेटीत पाणी येत होतं. गोठ्यातल्या मुताच्या वाफा आणि धूळ त्या पाण्यात मिसळून ते वीज वाहायला आणखी लायक होत होतं.

हेच शहरात इतर रूपांत दिसतं. पॅसेजच्या भिंतीतली ओल, गच्चीवरच्या टाकीजवळचा फ्लोट स्विच, बाल्कनीच्या कठड्यावरचा शोभेचा दिवा, एसीच्या बाहेरच्या युनिटची जोडपेटी. ओल शोधताना छपराच्या गळक्या जागांबरोबर गार पृष्ठभाग आणि दमट हवा एकत्र येणाऱ्या जागाही पाहाव्यात. पहाटे उडणारा ईएलसीबी हा बहुतेक वेळा दवाचा दोष असतो.

आता दुसरी शक्यता, जिथे सगळ्या एमसीबी बंद ठेवल्या की ईएलसीबी उडत नाही. म्हणजे गळती फेजकडून आहे, आणि बंद दिसणारी एखादी वस्तू प्रत्यक्षात फेजला जोडलेली आहे. यात गिझरचं प्रकरण मी इतक्या घरांत पाहिलं आहे की ते आधी सांगतो. गिझरच्या रॉडमध्ये एका धातूच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते आणि तिच्यात तापणारी तार असते. नळीला बारीक तडा गेला की पूड ओल ओढते आणि तारेतला प्रवाह थोडा थोडा पाण्यात आणि तिथून अर्थमध्ये जाऊ लागतो. गंमत अशी की रॉड तापला की पूड वाळते आणि गळती कमी होते. म्हणून गिझर चालू असताना ईएलसीबी राहतो, आणि रात्रभर गार पडला की उडतो. पण गिझरचं बटण तर बंद होतं? इथेच दुसरी चूक येते. वायरिंग करताना बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असेल, तर बटण बंद केल्यावर न्यूट्रल तुटतो आणि रॉडवर फेज चोवीस तास उभा राहतो. गिझर बंद दिसतो पण गळत राहतो. तपासायला सोपं आहे: गिझरचं बटण बंद ठेवून सॉकेटच्या भोकांत टेस्टर लावा. दिवा लागला तर बटण उलट्या तारेवर आहे. वायरमनकडून ते त्याच दिवशी सरळ करून घ्या, मग गळती असो वा नसो.

यावरून शोधाची पद्धतही ठरते. या प्रकारच्या दोषात वस्तू बटणाने बंद करून चालत नाही, पिन सॉकेटमधून बाहेर काढावा लागतो. एका रात्री घरातले सगळे पिन काढा. ईएलसीबी राहिला, तर दोष उपकरणांत; उडाला, तर भिंतीतल्या वायरिंगमध्ये. उपकरणांत असेल तर निम्मे पिन परत घाला, आणि रात्रीगणिक संशयितांची संख्या निम्मी करत जा. फ्रिज बंद ठेवायला कोणी तयार नसतं, पण तोच अनेकदा गुन्हेगार निघतो. आतलं बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये एक छोटा हीटर असतो आणि तो ठरावीक तासांनी स्वतःहून चालू होतो. त्याच्या टोकाशी पाणी शिरलं असेल तर ईएलसीबी नेमका त्या वेळी उडतो. वहीत वेळा ठरावीक अंतराने येत असतील तर हे आधी तपासा.

कधी एकही वस्तू दोषी नसते आणि तरी बेरीज जास्त होते. संगणक, वॉशिंग मशीन, इंडक्शन शेगडी अशा उपकरणांत विद्युत गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि ते सतत थोडा प्रवाह अर्थमध्ये सोडतात. एकेकाचा प्रवाह अर्धा-एक मिलिअँपिअरच असतो. पण घरभरचा मिळून दहा-बारा झाला, तर त्यावर एखादी ओली भिंत किंवा दूरच्या विजेचा धक्काही पुरतो. 30 मिलिअँपिअरच्या ब्रेकरवर नेहमीची गळती नऊच्या आत असावी, हा चांगला आडाखा आहे. ती मोजायला मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प मीटर लागतो. त्याच्या जबड्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र धरायच्या. जो आकडा दिसेल तीच गळती. साधा क्लॅम्प मीटर इथे कामाचा नाही, त्याला इतका लहान प्रवाह दिसत नाही. हा मीटर हाती असेल तर रात्रभर वाट पाहण्याची गरज उरत नाही. एकेका सर्किटवर तो फिरवला की जास्त गळणारं सर्किट दहा मिनिटांत समोर येतं.

फेजच्या गळतीत मल्टिमीटर मात्र दगा देतो. तो थोड्या व्होल्टवर मोजतो, आणि 230 व्होल्टला फुटणारं इन्सुलेशन नऊ व्होल्टला ठणठणीत दिसू शकतं. तिथे 500 व्होल्टचा मेगर लागतो. निरोगी सर्किटचा विरोध एक मेगाओहमच्या खाली नसावा, आणि चांगल्या वायरिंगमध्ये तो त्याहून कितीतरी जास्त येतो. मेगर लावण्याआधी सगळी उपकरणं आणि एलईडी दिवे काढलेले असावेत. ते शक्य नसेल तर फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून त्यांची अर्थशी चाचणी घ्यावी, नाहीतर दिव्यांतली इलेक्ट्रॉनिक्स जळते.

तात्यांच्या घरी दुरुस्तीला फार खर्च आला नाही. जुनी पेटी काढून रबरी गॅस्केटची पाणीरोधक पेटी बसवली, तीही पत्र्याखालून हलवून भिंतीच्या आडोशाला. तारा वरून न आणता खालून आणल्या आणि पेटीत शिरण्याआधी तारेला खाली एक झोळ दिला, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, वर चढत नाही. टेपऐवजी कनेक्टर लावले, न्यूट्रल आणि अर्थचे जोड एकमेकांपासून दूर. गोठ्याच्या तारेला सिंगल पोलच्या जागी डबल पोल एमसीबी बसवली. आता ती खाली केली की न्यूट्रलही तुटतो, आणि पुन्हा दोष आला तर शोधायला डीबी उघडावी लागणार नाही. गोठ्याला वेगळा 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी दिला, म्हणजे बाहेरच्या ओलीने घर अंधारात जाणार नाही. डीपीवरच्या न्यूट्रलचा दाब अकरा व्होल्टपर्यंत जातो, याची लेखी तक्रार वीज कंपनीकडे दिली. तो त्यांच्या अर्थिंगचा प्रश्न आहे आणि त्यांनीच सोडवायचा आहे.

शोध चालू असताना एका वायरमनने तात्यांना 30 ऐवजी 100 मिलिअँपिअरचा ब्रेकर लावायला सांगितलं होतं. तो लावला असता तर रात्री उडणं थांबलं असतं, हे खरं. पण 100 आणि 300 मिलिअँपिअरचे ब्रेकर गळतीमुळे लागणारी आग रोखण्यासाठी असतात, माणसाला वाचवण्यासाठी नाहीत. हृदयाची लय बिघडवायला 100 मिलिअँपिअर पुरेसे असतात. आणि गोठ्यात तर ओल्या फरशीवर उभ्या जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत इतकं अंतर असतं की माणसाला जाणवणारही नाही इतका दाब त्याला त्रास देतो. तिथे ब्रेकर ढिला करणं हा गुन्हाच म्हणेन.

ईएलसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की आतल्या आत थोडा प्रवाह वाकड्या वाटेने सोडला जातो आणि खटका पडतो. त्यावरून ब्रेकर जिवंत आहे इतकंच कळतं. घरात अर्थिंग नसलं तरी हे बटण काम करतं, त्यामुळे अर्थिंगची खात्री वेगळी करावी लागते. महिन्यातून एकदा हे बटण दाबून पाहा. दाबूनही खटका पडला नाही तर ब्रेकर त्याच दिवशी बदला.

नवं घर बांधत असाल किंवा जुन्याची वायरिंग बदलत असाल, तर वायरमनला दोन गोष्टी आधीच सांगा: अंगण, गच्ची, गोठा, मोटर अशा बाहेरच्या तारांना डबल पोल एमसीबी, आणि त्यांच्यासाठी घरापेक्षा वेगळा ईएलसीबी. आणि आज रात्री तुमच्या घरचा ईएलसीबी उडाला, तर त्याला थेट जोडू नका. घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा.